वाचकांचे प्रश्न : मुलाखतीची वेळ न्यूयॉर्कची, घड्याळ पुण्याचे

प्रश्न : न्यूयॉर्कच्या भरती-अधिकाऱ्यांनी ऑक्टोबर 2026 मधील ईमेलात मुलाखतीसाठी ‘11/3, सकाळी 10’ एवढेच कळवले आहे. मी पुण्याहून काय उत्तर द्यावे?

उत्तर : अमेरिकी रिवाजानुसार महिना आधी लिहिला जात असल्याने ही तारीख 11 मार्च नसून 3 नोव्हेंबर होय. खरी मेख मात्र वेळेत आहे. ऑक्टोबरात न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असते. परंतु नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे यंदा 1 तारखेस, तेथील घड्याळे एक तास मागे घेतली जात असल्याने हे अंतर साडेदहा तासांचे होते. त्यामुळे आजच्या हिशेबाने आपण सायंकाळचे साडेसात धराल, तर मुलाखत प्रत्यक्षात साडेआठला असेल. मार्चमध्ये घड्याळे पुढे सरकतात तेव्हा हीच चूक उलट होऊन उमेदवार तासभर उशिरा पोहोचतो. सबब वार, अक्षरी महिना आणि दोन्ही शहरांच्या वेळा नमूद करणारी पुढील ओळ पाठवून लेखी रुजुवात मागावी :

Tuesday, 3 November 2026, 10:00 AM New York / 8:30 PM India (UTC+5:30)

नंतर येणाऱ्या कॅलेंडर-निमंत्रणात आपल्या घड्याळाप्रमाणे रात्रीचे साडेआठ दिसले नाहीत, तर त्याच दिवशी खुलासा मागवावा.