सावलीवरून कळसाची उंची

समजा, अल्लीपूरच्या एखाद्या देवळाच्या कळसापासून जमिनीपर्यंत पताकांची दोरी बांधायची आहे. दोरी किती आणावी? कमी पडली तर हिंगणघाटला दुसरी खेप! कळसावर चढू नका, सावली मोजा.

सपाट जागी ४ फुटांची काठी उभी करा. तिची सावली ३ फूट होताच दुसऱ्याने कळसाच्या सावलीच्या टोकाला खूण करावी. दोन्ही कामे एकाच वेळी व्हावीत, कारण सावली सरकत असते. काठीच्या माथ्यापासून तिच्या सावलीच्या टोकापर्यंत सुतळी ताणा. ती ५ फूट भरली पाहिजे. न भरली तर काठी कललेली आहे.

आता खुणेपासून भिंतीपर्यंत मोजा. २४ फूट भरले. पण कळस भिंतीवर नसतो, देवळाच्या मध्यावर असतो. देऊळ १२ फूट रुंद, त्याचे निम्मे ६ मिळवा. झाले ३०. पुष्कळजण हे ६ विसरतात आणि उंची ८ फूट कमी काढतात. सावली भिंतीसमोर सरळ पडली असेल तेव्हाच हे चालते बरे का, तिरपी असेल तर नाही.

ऊन काठीवर आणि कळसावर सारखेच तिरपे पडते. ३ च्या दहापट ३०, म्हणून ४ च्या दहापट ४० फूट उंची. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'तही सावलीचे असे हिशेब आहेत.

दोरीचे काय? ४० गुणिले ४० म्हणजे १६००. ३० गुणिले ३० म्हणजे ९००. बेरीज २५००, म्हणजे ५० गुणिले ५०. खुणेपर्यंत ताठ दोरी ५० फूट लागेल. गाठींसाठी आणि झोळासाठी ३-४ फूट जास्त घ्या.