घराला कवाड नसताना कामाला बाई ठेवायची तर

अगं, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, स्वयंपाकाला बाई लावायची तर त्यात घरमालकांना काय विचारायचं? पगार तर मीच देणार." पगार तू देणार हे खरं, पण घर त्यांचं आहे आणि तू राहतेस शनिशिंगणापुरात. नगरला किंवा पुण्याला असतीस तर बाईंना किल्ली द्यायची की नाही, एवढाच प्रश्न उरला असता. तुझ्या खोल्यांना चौकट आहे, पडदा आहे, कवाड नाही. म्हणजे तू शाळेत असताना घरात कोण जातं-येतं, हे कुलूप सांगणार नाही, शेजारपाजारच सांगणार. अनोळखी बाई आत शिरताना दिसली की पहिला फोन मालकांनाच जाईल. तेव्हा त्यांना आधीच सगळं ठाऊक असायला हवं.

आधी तुझा अकरा महिन्यांचा करार काढून वाच. त्यात बहुतेक असं लिहिलेलं असतं की जागेत तू आणि तुझे कुटुंबीय राहाल, दुसऱ्या कुणाला जागा देणार नाही. सकाळी येऊन स्वयंपाक करून जाणारी बाई म्हणजे जागा दुसऱ्याला देणं नव्हे. पण उद्या तिला रात्री मुक्कामाला ठेवायचं झालं तर गोष्ट वेगळी होते, त्याची वेगळी परवानगी घे. हा फरक पत्रात स्पष्ट लिहिलास की मालकांची अर्धी काळजी तिथेच मिटते.

आता पडताळणीचं. लोक आधारची झेरॉक्स घेतात आणि झालं म्हणतात. आधारवरून ती कोण आहे एवढंच कळतं, ती कशी आहे ते कळत नाही. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या ॲपने स्कॅन कर आणि दिसणारं नाव छापलेल्या नावाशी ताडून बघ. ती सांगते ते नाव कार्डावरच्या नावापेक्षा वेगळं निघालं म्हणून लगेच दचकू नकोस. आपल्याकडे लग्नानंतरही कित्येक बायकांच्या कार्डावर माहेरचं नाव आणि माहेरचंच गाव असतं. सध्या राहते कुठे, ते विचारून वेगळं लिहून घे. वय अठराच्या वर आहे, हेही तिथेच बघून घे.

दुसरी गोष्ट, आधीच्या घरी स्वतः फोन कर. "बाई चांगल्या आहेत का?" असं विचारलंस तर "हो, चांगल्या आहेत" एवढंच उत्तर येईल. किती दिवस होत्या, काम का सुटलं, घरात कुणी नसताना यायच्या का, असं विचार.

तिसरं पोलिसांचं. गावात २०१५ पासून पोलीस ठाणं आहे. तिथे तिची माहिती, फोटो आणि पत्ता दे. चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा असेल तर अर्ज तिच्या नावाने आणि तिच्या संमतीने होतो, त्याचा खर्च तू कर. ती बाहेरगावची असेल तर तिकडच्या ठाण्याकडूनही चौकशी होते आणि वेळ लागतो. म्हणून "अमुक तारखेला दाखला देते" असं मालकांना कबूल करू नकोस. जे आपल्या हातात आहे तेच लिही. मी असं लिहिलं असतं:

"काका, सा. न. सकाळी सात ते साडेआठ या वेळेत स्वयंपाकासाठी एक मावशी ठेवायची आहे. त्या मुक्कामाला राहणार नाहीत. त्यांची ओळख आणि पत्ता मी पाहिला आहे, आधीच्या घरी विचारपूस केली आहे. पोलीस ठाण्यात माहिती येत्या सोमवारी देईन आणि पोचही आपल्याला दाखवीन. चौकशी पूर्ण होईपर्यंत मी घरी असतानाच त्या येतील. त्यानंतरही मी नसताना त्यांनी आत जायचं असेल तर आधी आपल्याला विचारीन. आपली संमती असेल तर कृपया लेखी कळवावे."

यातलं "मी घरी असतानाच" हे वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. जिथे कवाड नाही तिथे तेच तुझं कुलूप. ते पाळ मात्र. शनिवारी अमावास्या आली की गावात पाय ठेवायला जागा नसते, तुलाही सकाळी लवकर घराबाहेर पडावं लागेल. त्या दिवशी मावशींना सुट्टी दे, पण वाक्य मोडू नकोस.

हे मालकांना पाठवायच्या आधी मावशींना वाचून दाखव. "तुमच्यावर संशय नाही, घर भाड्याचं आहे आणि उद्या काही इकडचं तिकडं झालं तर पहिलं बोट तुमच्याकडे जाऊ नये म्हणून हे करतेय," असं सरळ सांग. त्यांच्या आधारची प्रत मालकांना व्हॉट्सॲपवर धाडू नकोस. नाव, राहायचं ठिकाण आणि पोलिसांची पोच एवढं त्यांना पुरे. तुझ्याजवळही शेवटचे चारच आकडे दिसतात ती प्रत ठेव.

मालकांचा होकार तोंडी आला तरी "काका, तुम्ही हो म्हणालात, उद्यापासून मावशी येतील" असा मेसेज करून ठेव. आणि मावशींनी काम सोडलं तर त्याच दिवशी मालकांना आणि शेजारच्या काकूंना सांग. बाई कामावर आल्याचं सगळे सांगतात, काम सोडल्याचं सांगायचं राहून जातं. मग पुढे कधीतरी ती पडदा सारून आत गेली तर कुणाला वावगं वाटत नाही.