खुर्चीपर्व लिहिणाऱ्या भाचीस

चि. अनघा,


सोसायटीच्या गणपतीत पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून झालेल्या भांडणाचं तुझं ‘खुर्चीपर्व’ वाचलं. भाषा तुझ्या हाताशी आहे. पण सेक्रेटरी महारथी, प्लॅस्टिकची खुर्ची सिंहासन आणि कोषाध्यक्षांचं खेकसणं सिंहगर्जना, एवढ्यावरच कविता थांबते. वाचक हसतो आणि पुढच्या विशेषणाची वाट पाहतो. क्षुल्लक प्रसंगाला महाकाव्याचा साज का चढवायचा, हे समजून घ्यायला अलेक्झांडर पोपचं ‘द रेप ऑफ द लॉक’ सावकाश वाच.

मूळ घटना एवढीशी होती. इंग्लंडमधल्या खानदानी कॅथलिक घरातल्या लॉर्ड पीटर या तरुणाने अराबेला फर्मर या तरुणीच्या केसांची एक बट कापली आणि दोन घराण्यांत बेबनाव झाला. दोघांनाही हसू येऊन भांडण मिटेल अशी काहीतरी कविता लिही, असं जॉन कॅरिल या स्नेह्याने पोपला सुचवलं. १७१२ मध्ये दोन सर्ग छापून आले. १७१४ मध्ये त्यांचे पाच झाले आणि महाकाव्यातल्या देवतांच्या जागी नायिकेचे केस, कर्णभूषणं नि घागरा सांभाळणारे चिमुकले अदृश्य सिल्फ आले.

आता एकच जागा जवळून पाहू. ‘इलियड’मध्ये वीर रणात उतरण्याआधी शस्त्रसज्ज होतो, पोटऱ्यांवरची कवचं, उरस्त्राण, तलवार, ढाल, शिरस्त्राण असा त्याचा क्रम ठरलेला असतो. पोपने नेमक्या त्या जागी आपल्या नायिकेला, बेलिंडाला, आरशापुढे बसवलं आहे. ती प्रसाधनाच्या देवतांची पूजा मांडते. भारतातली रत्नं, अरबस्तानातली अत्तरं, कासवाच्या पाठीचे नि हस्तिदंताचे कंगवे असं दूरदूरच्या देशांतलं द्रव्य टेबलावर अर्पण होतं. मग टाचण्या, पावडरी, गालावर लावायच्या टिकल्या यांच्याच रांगेत बायबलच्या प्रती आणि प्रेमपत्रं येतात. कवी त्यावर एक शब्दही बोलत नाही. या मंडळींच्या मनात धर्म आणि पावडर एकाच फळीवर आहेत, हे त्या यादीनेच उघडं पडतं.

विसंगतीची ही एक बाजू झाली. दुसरी अधिक खोल आहे. ते टेबल पोपने मनापासून सुंदर रंगवलं आहे, कारण साजशृंगाराला शस्त्रसज्जता म्हणणं एका अर्थी खरंच होतं. ज्या समाजात मुलीचं स्थान रूपावर आणि लौकिकावर ठरतं, तिथे आरसा हीच तिची युद्धशाळा असते. १७१७ च्या आवृत्तीत पोपने क्लॅरिसा या पात्राच्या तोंडी एक भाषण घातलं. ‘इलियड’मध्ये सार्पेडन आपल्या मित्राला सांगतो, की मरण चुकत नाही, तेव्हा चल, रणात कीर्ती मिळवू. क्लॅरिसा त्याच चालीवर म्हणते, की रूप ओसरणार, केस पिकणार, तेव्हा स्वभावातला गोडवा सांभाळा. बोलणं शहाणपणाचं आहे, पण टाळी वाजत नाही. आणि बट कापायला कात्री पुरवली होती तीही याच क्लॅरिसाने! वीराच्या तोंडचं भाषण तिला दिल्यामुळे दिसतं, की वीराला रणात उतरण्याची वाट आहे आणि या बायकांपुढे सोसून हसतमुख राहण्याचा सल्ला आहे.

म्हणून तुझ्या कवितेतली विशेषणं कमी कर आणि महाभारतातले प्रसंग नेमक्या जागी बसव. आपल्या वाचकाला भारतकथा तोंडपाठ आहे, त्यामुळे कुठला प्रसंग कशावर बेतलाय हे त्याला न सांगता कळेल. ते कळलं नाही, तर नुसता मोठा आवाज उरतो. युद्धाआधी कृष्ण शिष्टाईला जातो आणि शेवटी पाच गावांवर तडजोड मागतो. तुझ्या पर्वात समेटाला कोण गेलं? त्याने काय मागितलं, आणि ते कोणी का नाकारलं? युद्धारंभी प्रत्येक वीर आपापला शंख फुंकतो. तुझ्याकडे माइक कोणाच्या हाती होता?

आणि खुर्चीची ओढाताण चालली असताना आरती सुरू झाली नि कोणाच्या लक्षातही आली नाही, हा तपशील तू शेवटच्या कडव्यात बोधासारखा सांगितलास. तो तिथून उचल. रणवाद्यांच्या यादीत कर्णा, माइक, शिट्टी यांच्यामध्ये आरतीची घंटा ठेवून दे आणि पुढे चाल. त्याबरोबर ते बोधाचं कडवं गाळ. एक गोष्ट मात्र तपासून घे: ज्या आजोबांना ती खुर्ची हवी होती, त्यांना मान हवा होता की गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं? दुसरं खरं असेल, तर त्यांच्या वाट्याची ओळ हसण्यावारी नेऊ नकोस. नवा खर्डा झाला की पाठव, ओळीओळीने पाहू.

तुझी,
मावशी