कुणाकुणाला कळेल?

मैत्रिणीचं सगळं सांगून झाल्यावर तू पहिलं काय विचारलंस, आठवतं? “ताई, तक्रार दिली तर कुणाकुणाला कळेल?” आपल्या बिडकीनमध्ये कुठलीही मुलगी हेच आधी विचारील. ठाण्याच्या आवारात शिरताना कुणी पाहिलं, तर ती घरी पोचायच्या आत बातमी पैठण रोडच्या टपऱ्यांवर पोचलेली असेल, ही भीती खोटी नाही. म्हणून तुला कलमं पाठ करायला लावत नाही. तिला जिथे जिथे जावं लागेल, तिथे कोण ऐकतं, कोण वाचतं आणि ते पुढे कुठे जातं, एवढंच सांगते. तिला तू हे तुझ्या शब्दांत सांग.

ती राहते बिडकीनला, घडलं वाळूजला. कुणीतरी तिला म्हणालंय, “हद्द त्यांची आहे, तिकडेच जावं लागेल.” तसं नाही. वाळूज एमआयडीसीचं ठाणं शहर पोलीस आयुक्तालयाकडे आणि आपलं बिडकीन ग्रामीण पोलिसांकडे, हे खरं. पण फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते. बिडकीन ठाण्याने ती शून्य क्रमांकाने नोंदवायची आणि वाळूजला पाठवायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या कलम १७३ मध्येच हे लिहिलेलं आहे. बिडकीन ठाण्यात ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल, तर ती संभाजीनगरमधल्या एखाद्या ठाण्यातही जाऊ शकते. हद्दीचा हा नियम तिच्या आडोशासाठीही वापरता येतो.

तिची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते. त्या वेळी महिला अधिकारी हजर नसेल, तर तिला बोलवा असं सांगायचं. पुरुष हवालदारासमोर सगळं बोलून मोकळं व्हायची गरज नाही. पुढचा सविस्तर जबाब, म्हणजे बलात्काराच्या गुन्ह्यातला, तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घेतात आणि त्या वेळी आई, जवळचं कुणी किंवा एखादी सामाजिक कार्यकर्ती सोबत बसू शकते. घरी पोलिसांची गाडी नको असेल तर संभाजीनगरच्या मावशीचं घर सांगावं. मात्र हे आपणहून सांगावं लागतं. न सांगितलं तर गाडी दारात येते आणि गल्ली जमते.

लिहिलेलं वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही, हे तिला दोनदा सांग. पोलिसी मराठीत “सदर इसमाने” वगैरे येतं ते येऊ दे, पण वेळ, जागा, माणसं आणि क्रम तिचाच हवा. प्रत मोफत मिळते. एरवी एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवतात. लैंगिक गुन्ह्यांच्या फिर्यादी मात्र संवेदनशील म्हणून त्यातून वगळायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलेलं आहे. अधिकाऱ्याने फिर्याद घ्यायचंच नाकारलं, तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवायचा. अशा गुन्ह्याची फिर्याद न नोंदवणं हा त्या अधिकाऱ्याचाच गुन्हा आहे आणि त्याला किमान सहा महिन्यांची सक्तमजुरी आहे.

आता दवाखाना. इथे वेळ महत्त्वाची, म्हणून ती ठाण्याआधी थेट दवाखान्यात गेली तरी चालेल. सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने लगेच आणि फुकट उपचार करायचे आहेत. “आधी एफआयआर आणा” म्हणता येत नाही. मात्र रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते त्यांच्यावर बंधनकारक आहे. हे तिच्यापासून लपवू नकोस, नाहीतर तिथे पोलीस आलेले पाहून ती उठून निघून जाईल. पोलिसांशी लगेच बोलायचं नसेल तर तसं नोंदवायला सांगता येतं. उपचार त्यामुळे थांबत नाहीत.

उपचार, तपासणी आणि पुराव्याचे नमुने या तीन गोष्टींना वेगवेगळी संमती लागते. ती सज्ञान आहे, संमती तिची. भावाची नाही, वडिलांची नाही. एका गोष्टीला हो आणि दुसरीला नाही म्हणता येतं. नमुने साधारण चार दिवसांपर्यंत, म्हणजे ९६ तासांपर्यंत घेतले जातात. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या, जितक्या लवकर तितकं चांगलं. त्या दिवशीचे कपडे धुऊ नयेत, ओले असतील तर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकमध्ये दमट राहून खराब होतात. तिने अंघोळ केली असेल, कपडे धुतले असतील, तरी जावं. आठ दिवस झाले असतील तरी जावं, औषधोपचार तर मिळतीलच.

डॉक्टरचं काम दिसलेलं लिहिण्याचं. “बलात्कार झाला की नाही” हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं. मुलीच्या पूर्वायुष्यावर शेरा मारणारी जुनी चाचणी सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात पुन्हा ठामपणे बंद केली आणि ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी ठरवलं. घाटीत असो की दुसरीकडे, तसं काही करायला निघालं तर तिने सरळ नाही म्हणावं. अहवाल सात दिवसांत तपास अधिकाऱ्याकडे जातो आणि तिथून मॅजिस्ट्रेटकडे. नातेवाइकांना तो मागायचा अधिकार नाही.

अंगावर जखमा नाहीत म्हणून ती घाबरलीय, असं तू म्हणालीस. यासाठी तिला आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांग. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यातच एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, म्हणजे संमती होती असं धरलं गेलं. पुढच्या वर्षी वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज कायद्यातच लिहिलंय की प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही. आणखी एक गोष्ट. तो खटला देशभर त्या मुलीच्या नावाने ओळखला गेला, कायद्याच्या पुस्तकांतही तिचंच नाव. मी ते इथे घेत नाही. पीडितेचं नाव छापणं गुन्हा ठरलं तेही त्या १९८३ च्याच दुरुस्तीने.

आता ज्याला ती सगळ्यात जास्त घाबरते ते, मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब. गावात अजून सगळे त्याला “एकशे चौसष्टचा जबाब” म्हणतात; नव्या कायद्यात तो कलम १८३ चा झाला. गुन्हा कळला की पोलिसांनी तिला लवकरात लवकर न्यायालयात न्यायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये यासाठी २४ तासांची अपेक्षा ठेवली होती. हा खटला नव्हे. तिथे आरोपी नसतो, त्याचा वकील नसतो, उलटतपासणी होत नाही. पोलीस खोलीबाहेर थांबतात. शक्यतो महिला मॅजिस्ट्रेट असतात. नसतील तर पुरुष मॅजिस्ट्रेटसोबत एखादी स्त्री हजर असलीच पाहिजे.

आत गेल्यावर आधी साधे प्रश्न येतात: नाव, शिक्षण, कुणी शिकवून पाठवलंय का, कुणाची भीती आहे का. मग तिने आपल्या शब्दांत सांगायचं. जसं घडलं तसं, बिडकीनच्या बोलीत. आठवत नसेल तिथे “आठवत नाही” म्हणायचं, अंदाजाने तास-मिनिटं सांगायची नाहीत. कारण हाच कागद पुढे खटल्यात तिच्या साक्षीशी ताडून पाहतात आणि अंदाजाने सांगितलेली वेळ तिच्याच अंगावर येते. फिर्यादीत लाजेने काही राहिलं असेल तर इथे सांगावं, आणि का राहिलं तेही: तेव्हा खोलीत चुलते होते, बोलता आलं नाही. मॅजिस्ट्रेट ते तसंच लिहितात. रडू आलं तर थांबा म्हणता येतं, पाणी मागता येतं. शेवटी वाचून दाखवतात, चुकलेलं दुरुस्त करून घ्यायचं आणि मग सही. घरच्यांनी किंवा समोरच्यांनी “मिटवून टाक” म्हणून दबाव आणला असेल, तर तो सांगायची जागाही हीच. तिथे बाकी कुणी ऐकत नसतं.

हा जबाब बंद पाकिटात राहतो. दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत तो कुणालाही द्यायचा नाही, आरोपीलाही नाही, हे २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. त्यानंतर मात्र आरोपीच्या वकिलाला प्रत मिळते. हे तिला आधीच माहीत असू दे.

मग गावाचं काय? तिचं नाव, किंवा तिची ओळख पटेल असं काहीही, म्हणजे गल्ली, कंपनी, वडिलांचा धंदा, छापणं किंवा प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. ही बंधनं स्थानिक यूट्यूब वाहिनीला आणि सहानुभूतीने “न्याय द्या” म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो टाकणाऱ्यालाही लागू होतात. असं काही फिरलं तर वाद घालत बसू नये. ज्या नंबरवरून आलं तो, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून तपास अधिकाऱ्याला द्यावा. ओट्यावरच्या तोंडी कुजबुजीला मात्र कायद्याचा हात पोचत नाही. तिथे तू आणि मी तिच्यासोबत उभ्या राहू, एवढंच आपल्या हातात आहे.

खटला बंद दाराआड चालतो, निकालात तिचं नाव लिहीत नाहीत आणि पूर्वायुष्याविषयी प्रश्न विचारायला मनाई आहे. तपास दोन महिन्यांत पुरा करायचा आहे आणि तो कुठवर आला ते ९० दिवसांच्या आत तिला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर विचारायला जायचं, लेखी.

तिची धाकटी बहीण सोळाची आहे, म्हणून हेही सांगते. अठराच्या आतल्या मुलांना पोक्सो कायदा लागतो. तिथे कळवायचं की नाही हा पर्याय कुणालाच नसतो, तुला-मलाही नाही. मुलगी असेल तर तपासणी महिला डॉक्टरच करते, जबाब घेणारी महिला अधिकारी साध्या कपड्यांत येते आणि मुलीला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही.

वकिलाच्या फीची काळजी नको. १५१०० वर फोन केला की विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. मनोधैर्य योजनेच्या अर्थसाहाय्याचा अर्जही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडेच करायचा. रात्री-अपरात्री महिलांसाठी १८१ आणि पोलिसांसाठी ११२ आहे. तिला माझा नंबर दे, आणि कधी निघायचं ते तिलाच ठरवू दे. मी मावशीच्या घरी येऊन थांबेन.