पहिल्या भेटीचा सदरा
(द्वितीय वर्ष, कला)

‘पोशाख’ हा विषय महाविद्यालयाच्या वार्षिकांकात यावा का, असा प्रश्न आमच्या काही प्राध्यापकांना पडेल. परंतु वसतिगृहात परीक्षेखालोखाल ज्या विषयावर रात्री चर्चा झडते तो हाच आहे, आणि त्या चर्चेत माहितीपेक्षा धास्तीच अधिक असते. माझ्या वडिलांचे तालुक्याच्या गावी शिवणकामाचे दुकान आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण काज करणे आणि बटणे लावणे मी सातवीपासून करीत आलो आहे. त्या अनुभवाच्या आधारे एका छोट्या प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे. इंग्रजीत जिला ‘डेट’ म्हणतात त्या पहिल्या भेटीला, म्हणजे एका कपभर कॉफीला जाताना, काय घालावे?

आपल्याकडे अशा भेटीला जुना नमुना एकच आहे, तो कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाचा. तेथे दोन घरे एकमेकांना पाहतात, म्हणून घरातले सर्वांत चांगले कपडे बाहेर निघतात. त्यात गैर काही नाही, कारण समोरची मंडळीही तशीच नटून बसलेली असतात. कॉफीच्या भेटीत मात्र वडीलधारे नसतात, बैठक तासा-दीड तासाची असते आणि आजूबाजूच्या टेबलांवर रोजच्या कपड्यांतली माणसे असतात. कांदेपोह्यांचा पोशाख येथे आणला की माणूस त्या खोलीत एकटा पडतो. म्हणून पहिला विचार जागेचा करावा. भेट ठरली असेल त्याच वेळी आदल्या दिवशी त्या रस्त्यावरून एक फेरी मारावी आणि लोक काय घालून बसले आहेत ते पाहावे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या ‘वैशाली’त संध्याकाळी पाहिले, तर टी-शर्ट, साधे शर्ट, कुर्ते आणि जीन्स हेच बहुतेकांच्या अंगावर दिसेल. त्याहून एक पायरी वर जावे, दोन नको. टी-शर्टांच्या घोळक्यात कॉलरचा, इस्त्री केलेला शर्ट ही एक पायरी झाली. त्यावर कोट चढवला की दुसरी, चकचकीत बूट घातले की तिसरी. एकेक गोष्ट चांगली असूनही तिन्ही एकत्र आल्या की पाहणाऱ्याला माणसाच्या आधी तयारी दिसते.

आता आत्मविश्वासाकडे वळू. आत्मविश्वास कपड्याच्या किमतीतून येतो असा आमच्या मित्रमंडळींचा समज आहे. दुकानात गिऱ्हाइकांना आरशासमोर पाहून मला वेगळेच वाटू लागले आहे. ज्याचे कपडे अंगाला बसलेले नाहीत, त्याचा हात सारखा कपड्याकडे जातो. तो कॉलर ओढतो, बाही खाली घेतो, पोटाजवळचे बटण चाचपतो. समोरच्याला त्यातून अस्वस्थपणा कळतो. म्हणून वडील गिऱ्हाइकाला नुसते उभे करून सोडत नाहीत. स्टुलावर बसायला लावतात, दोन्ही हात पुढे घ्यायला सांगतात, वाकून चपलेचा पट्टा लावायला सांगतात. हीच परीक्षा प्रत्येकाने आपल्या खोलीत घ्यावी. ठरलेले कपडे घालून एक तास खुर्चीवर बसून वाचन करावे आणि हात किती वेळा कपड्याकडे गेला ते मोजावे. दोन-तीनदा गेला असेल, तर त्या कपड्यात काहीतरी चुकले आहे.

काय चुकले ते कसे ओळखावे? शर्टाचे पहिले स्थान खांदा. बाही जेथे जोडली आहे ती शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. ती दंडावर उतरली असेल तर शर्ट थोरल्या भावाचा वाटतो. मानेकडे सरकली असेल तर हात उचलताच शर्ट वर खेचला जातो. कॉलरचे बटण लावल्यावर आत दोन बोटे सहज जावीत. पुरी बाही मनगटाच्या हाडापर्यंत असावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, खुर्चीत बसल्यावर दोन बटणांच्या मध्ये फट पडता कामा नये. उभे असताना ही फट दिसत नाही, म्हणून आरशावर विसंबणारे येथे हमखास फसतात. आणि कॉफीची भेट तर बसूनच होते. पँटचे म्हणाल तर मोहरी बुटावर येऊन जेमतेम टेकावी, टाचेखाली जाऊ नये. दोन मिनिटांत ती टेबलाखाली झाकली जाते, पण वैशालीसारख्या ठिकाणी गर्दीच्या वेळी जागा मिळेपर्यंत दाराशी उभे राहावे लागते, तेवढ्या वेळात ती दिसते.

यंदा माझ्या एका मित्रावर हा प्रसंग आला. तो मूळचा खेड्यातला, घरची परिस्थिती बेताची. त्याच्यापुढे तीन पर्याय होते. चुलतभावाच्या लग्नातला कोट, आदल्या आठवड्यात घेतलेला चकाकत्या कापडाचा काळा शर्ट, आणि दोन वर्षांपूर्वीचा, बारीक निळ्या रेघांचा पांढरा सुती शर्ट. तिसरा त्याला ‘गबाळा’ वाटत होता. कोट मी लगेच बाजूला ठेवला. तो दुसऱ्याच्या मापाचा होता आणि कोटाचा खांदा दुरुस्त करणे म्हणजे जवळजवळ तो पुन्हा शिवणे होय. शिवाय मागून आणलेल्या कपड्याची एक निराळी अडचण आहे. दुसरी भेट झाली तर तेव्हा काय घालणार? काळा शर्ट मापाला ठीक होता, पण पॉलिस्टरचा. मित्र बसने येणार, दिवस एप्रिलचे. पॉलिस्टर घाम शोषून घेत नाही; तो अंगावरच राहतो आणि थोड्या वेळाने वास येऊ लागतो. शिवाय पाकिटातल्या घड्यांच्या रेषा त्यावर तशाच होत्या. नवा शर्ट एकदा धुऊनच वापरावा, त्याने घड्या जातात, खळ निघते, आणि सुती असेल तर किती आटतो तेही आधीच कळते.

राहिला पांढरा शर्ट. तो अंगात घालून पाहिला तेव्हा खांदा अगदी जागेवर होता. गबाळेपणा होता तो घेरात. मित्राची छाती 36 इंच. शर्ट पलंगावर सपाट पसरून काखेखाली मोजला तर साडेएकवीस इंच भरला, म्हणजे पूर्ण घेर 43. अंगाच्या मापापेक्षा सात इंच जास्त कापड कमरेभोवती फुगत होते. साध्या शर्टाला चार इंच सैलपणा पुरतो, म्हणून घेर 40 वर आणायचा ठरवला. तीन इंच कमी करायचे म्हणजे सपाट मापात दीड इंच, आणि ते दोन बाजूंना वाटले की प्रत्येक बाजूच्या शिवणीत पाऊण इंच. मी दोन्ही बाजूंना टाचण्या लावल्या, मित्राला बसवले, हात पुढे घ्यायला लावले, फट पडत नाही याची खात्री केली आणि मग काखेपासून खालपर्यंत नवी टीप मारली. काखेजवळ ती मुंढ्याच्या आणि बाहीच्या शिवणीत हळूहळू मिसळली, नाहीतर तेथे चुणी येते. हे काम कोणत्याही शिंप्याकडे थोड्या वेळात होते आणि नव्या शर्टाच्या तुलनेत खर्च अगदी किरकोळ येतो. मर्यादा एवढीच की याहून फार जास्त घेर काढायचा झाला तर मुंढा आणि बाहीही बदलावी लागतात, मग तो खटाटोप परवडत नाही. उलट घट्ट शर्ट सैल करायचा असेल तर शिवणीच्या आत माया किती ठेवली आहे त्यावर सारे अवलंबून. तयार शर्टात ती फारशी नसते.

कापडाच्या रंगाबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. घामाचे ओले डाग फिकट निळ्या आणि राखाडी रंगावर सर्वांत ठळक दिसतात. पांढऱ्यावर आणि गडद निळ्यावर ते बरेच लपतात. बारीक रेघा किंवा चौकडीही मदत करते. आम्ही मित्राच्या शर्टाला गडद निळ्या पँटची जोड दिली आणि बूट त्याचेच रोजचे, फक्त धुऊन पुसलेले. पूर्ण बाहीच्या दोन घड्या वर घेतल्या. त्याने शर्ट औपचारिक दिसेनासा झाला, आणि पेल्यातून वाटीत कॉफी ओतताना कफ बुडण्याची भीतीही गेली.

वर्गातल्या एका मैत्रिणीला हे सारे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “तुमचं बरं आहे रे, तुम्हाला ओढणी नसते.” तिचे म्हणणे असे की जी ओढणी दर दोन मिनिटांनी सावरावी लागते ती घरीच ठेवावी, किंवा खांद्यावर पिन लावून एकदाची बसवावी. कुर्त्याची बाजूची चीर बसल्यावर किती वर जाते तेही खुर्चीत बसूनच पाहावे. नव्या चपला त्या दिवशी काढूच नयेत, असेही तिने बजावले. चावणारी चपल चेहऱ्यावर उमटते. कापडाच्या बाबतीत मी तिला शिकवू शकतो, या बाबतीत तिनेच मला शिकवले.

इस्त्रीचे तंत्र मात्र दोघांना सारखेच. सुती कापड किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी, कोरड्या कापडावर कितीही दाबले तरी सुरकुती पुरती जात नाही. आधी कॉलर, आणि तीही टोकांकडून मध्याकडे. उलट केले तर कापड टोकाशी गोळा होऊन तेथे घडी बसते. टेबलापलीकडच्या माणसाला तासभर दिसत राहते ती कॉलर आणि बटणांची पट्टी, तेव्हा सारे लक्ष तेथे द्यावे. पाठीचा भाग घाईत राहिला तरी चालतो. अत्तराचे प्रमाण हातभर अंतरावरून वास येणार नाही इतकेच ठेवावे, अन्यथा कॉफीचा वास मरतो, आणि तिथे गेलो ते निदान नावाला तरी कॉफीसाठी.

आणि इतके करूनही शर्टावर कॉफी सांडलीच, तर चोळू नये. चोळल्याने डाग धाग्यांत खोल जातो आणि पसरतो. कागदी रुमालाने टिपून घ्यावे, मग रुमाल साध्या थंड पाण्यात भिजवून डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत यावे. गरम पाणी वापरू नये. दुधाच्या कॉफीचा डाग त्याने पक्का होतो. घरी आल्यावर तो भाग थंड पाण्यात भिजवून साबण लावावा, आणि डाग पुरता गेल्याशिवाय त्यावर इस्त्री फिरवू नये.