नोकरदार वडील गेल्यावर फंड, ग्रॅच्युइटी आणि कुटुंब पेन्शन कोणाला मिळते?



या पानावर मी एरवी बेणे, खत आणि लागणीविषयी लिहितो. या वेळी विषय वेगळा आहे. आपल्या भागात घरटी एक माणूस भोसरी, पिंपरी, आकुर्डी नाहीतर चाकणच्या कंपनीत आहे. ऊस बांधावर आणि पगार कंपनीत, असा आपला संसार. कर्ता माणूस अचानक गेला की सातबाऱ्याचे काय करायचे ते आपल्याला ठाऊक असते. कंपनीकडच्या पैशाचे मात्र कोणालाच नीट ठाऊक नसते.

२०२३ सालच्या सप्टेंबरात ऊस नोंदीच्या फेरीत मी खेड तालुक्यातील एका सभासदाच्या घरी गेलो होतो. घरधनी ऑगस्टमध्येच हृदयविकाराने गेलेले. भोसरीच्या एका कंपनीत त्यांची नोकरी जानेवारी १९९९ पासूनची. मागे पत्नी, बावीस वर्षांचा मुलगा, पंधरा वर्षांची मुलगी आणि त्यांच्यावरच अवलंबून असलेली म्हातारी आई. मुलाने फाइल पुढे केली नि म्हणाला, "काका, तलाठ्याकडं वारस नोंद घातलीय. चौघांची नावं लागली. आता फंडाचे पण चार भाग होतील ना?"

मी सांगितले, "नाही रे बाबा. जमिनीचे वारस वेगळे, फंडाचे वेगळे, पेन्शनचे वेगळे आणि ग्रॅच्युइटीचे आणखी वेगळे." त्याला ते पटेना. म्हणून त्या घरचाच हिशोब इथे मांडतो. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत.

पहिला भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला फंड. खात्यात ९ लाख रुपये होते. कंपनीने नामनिर्देशनाचा जुना कागद काढला, तर त्यावर फक्त आईचे नाव. नोकरीला लागताना लग्न झालेले नव्हते, तेव्हा भरलेला तो कागद. फंडाच्या योजनेत असा नियम की, लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्न होताच रद्द समजायचे आणि नवे भरायचे. यांनी नवे कधी भरलेच नाही. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नामनिर्देशन नाहीच.

अशा वेळी रक्कम कुटुंबात समान वाटली जाते. पण घरात दुसरे कोणी हक्कदार असेल तर सज्ञान मुलाला आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुलीला त्यात वाटा नसतो. म्हणून पत्नी, अज्ञान मुलगी आणि अवलंबून असलेली आई असे तीनच वाटे झाले, प्रत्येकी ३ लाख. बावीस वर्षांच्या मुलाला फंडातून काही नाही. मुलीच्या वाट्यासाठी तिच्या आईने पालक म्हणून सही केली आणि पैसे मुलीच्या नावाच्या खात्यात गेले.

फंडाच्या जोडीला एक विमा असतो. तो पुष्कळांना माहीतच नसतो, कारण त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक पैसाही कापला जात नाही. हप्ता मालक भरतो. नोकरीत असताना मृत्यू आला तरच तो मिळतो. हिशोब असा: शेवटच्या बारा महिन्यांचा सरासरी पगार, पण १५,००० च्या वर धरायचा नाही, त्याची ३५ पट म्हणजे ५,२५,०००. त्यात फंडातील सरासरी शिलकीची निम्मी रक्कम, पण जास्तीत जास्त १,७५,०००. एकूण ७ लाख. यांना पूर्ण ७ लाख मिळाले आणि तेही फंडाच्याच नियमाने तिघांत वाटले गेले. काही कंपन्या या विम्याऐवजी स्वतःचा सामूहिक विमा काढतात. तेव्हा मागणी कंपनीमार्फत विमा कंपनीकडे करावी लागते. म्हणून "विमा कोणाकडे आहे?" हे कंपनीला लेखी विचारावे.

दुसरी कुटुंब पेन्शन. १६ नोव्हेंबर १९९५ पासून ती कर्मचारी पेन्शन योजनेत आहे. त्याआधी १९७१ ची वेगळी कुटुंब पेन्शन योजना होती. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी हक्क उभा राहतो. इथे नामनिर्देशनावर आईचे नाव असले काय नि नसले काय, पेन्शन पत्नीलाच. ती तहहयात, किंवा पुनर्विवाह होईपर्यंत. शिवाय एका वेळी दोन मुलांना, वयाची २५ वर्षे पुरी होईपर्यंत, प्रत्येकी विधवा पेन्शनच्या चौथाई इतकी रक्कम. समजा पत्नीला ४,००० बसले, तर मुलाला १,००० आणि मुलीला १,०००. पत्नीची पेन्शन दरमहा १,००० पेक्षा कमी बसवत नाहीत.

ध्यानात घ्या, ज्या मुलाला फंडात वाटा नव्हता त्याला पेन्शन मिळाली, कारण त्याचे वय पंचवीसच्या आत होते. आणि ज्या आजीला फंडात तिसरा हिस्सा मिळाला, तिला पेन्शनमध्ये काही नाही, कारण पत्नी आणि मुले हयात आहेत.

तिसरी ग्रॅच्युइटी. ही फंडाच्या ऑफिसातून येत नाही, कंपनीच देते. एरवी पाच वर्षे नोकरीची अट असते, पण मृत्यू झाल्यास ती अट नाही. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार असा हिशोब, आणि महिना सव्वीस दिवसांचा धरायचा. यांचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता २६,००० होता. म्हणजे दिवसाचे १,०००, पंधरा दिवसांचे १५,०००. नोकरी २४ वर्षे ७ महिने. सहा महिन्यांवरचा तुकडा पुरे वर्ष धरतात, म्हणून २५ वर्षे. एकूण ३,७५,०००.

ग्रॅच्युइटीचे नामनिर्देशन फंडाच्या कागदाहून निराळे असते. त्याला फॉर्म एफ म्हणत. यांचा फॉर्म एफ कंपनीच्या दप्तरात सापडलाच नाही. नामनिर्देशन नाही म्हणजे रक्कम कायदेशीर वारसांना. हिंदू वारसा कायद्याने आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी हे चौघे समान वारस. इथे मात्र मुलाचे म्हणणे खरे ठरले: चार वाटे, प्रत्येकी ९३,७५०. पण कंपनीने तलाठ्याची वारस नोंद मानली नाही आणि कोर्टाचा वारस दाखला मागितला. राजगुरुनगरच्या कोर्टात अर्ज करून तो मिळेपर्यंत सहा महिने गेले. फॉर्म एफवर पत्नीचे नाव असते, तर मागणी अर्ज मिळाल्यावर तीस दिवसांत पैसे देणे कंपनीवर बंधनकारक होते.

एक बदल सांगून ठेवतो. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे. पंधरा दिवसांचा हिशोब आणि मृत्यूला पाच वर्षांची अट नसणे हे तसेच आहे. पगार कशाला म्हणायचे याची व्याख्या मात्र बदलली आहे. त्यामुळे मृत्यूची तारीख कोणती, यावर कोणता कायदा लागतो ते ठरेल.

आता कागदपत्रांचे. पहिला कागद मृत्यू दाखला. मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. माणूस गावचा असला तरी पिंपरीच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला महापालिका देणार, ग्रामपंचायत नव्हे. या घरचे आठ दिवस ग्रामपंचायतीत हेलपाटे घालण्यात गेले. दाखल्याच्या सहा-सात प्रती घ्याव्यात.

दाखला घेताना नाव अक्षर न् अक्षर तपासावे. कंपनीत 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब' आणि दाखल्यावर तिसरेच, असे असेल तर अर्ज परत आलाच म्हणून समजा. दाखल्यातली चूक लगेच दुरुस्त करून घेणे सोपे. फंडाच्या खात्यातील चूक असेल तर कंपनीमार्फत संयुक्त निवेदन द्यावे लागते, आणि ते दाव्याच्या आधी द्यावे. पत्नीच्या बाबतीत माहेरचे नाव कागदावर राहिले असेल तर लग्नाचा दाखला लागतो.

त्यानंतर कंपनीला एक साधा अर्ज करावा. त्यात फंडाचा बारा अंकी खाते क्रमांक, नामनिर्देशनांच्या प्रती, शेवटची पगार पावती आणि विम्याची माहिती मागावी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यावी. तोंडी बोलून आलेला माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा पहिल्या पायरीवर उभा असतो.

फंडाच्या ऑफिससाठी आता मृत्यूच्या प्रकरणात एकच संयुक्त अर्ज आहे. पूर्वीचे तीन, म्हणजे फंडाचा फॉर्म २०, विम्याचा ५ आयएफ आणि पेन्शनचा १०-डी, त्यात एकत्र केले आहेत. पण त्यावर कशाकशाची मागणी आहे त्या चौकोनात खूण करावी लागते. या घरच्या पहिल्या अर्जात फक्त फंडावर खूण होती. वेळीच दिसले म्हणून बरे, नाहीतर ७ लाखांचा विमा तसाच पडून राहिला असता.

अर्जासोबत मृत्यू दाखला, प्रत्येक हक्कदाराचे आधार, रद्द केलेला चेक, मुलांच्या जन्मतारखेचे दाखले आणि पेन्शनसाठी पत्नी व मुलांचा एकत्र फोटो जोडावा. आजी अवलंबून होती हे दाखवायला रेशनकार्ड उपयोगी पडले. अर्जावर कंपनीची सही-शिक्का घेऊन तो फंडाच्या ऑफिसात द्यायचा. आपल्या भागासाठी पुणे कॅम्पातले की आकुर्डीचे, हे कंपनीला विचारावे. कागद पुरे असतील तर वीस दिवसांत निकाल द्यायचा असतो, नाहीतर त्रुटी लेखी कळवायची असते. माणूस ठेकेदाराकडे असेल तर मालक म्हणजे तो ठेकेदार. तो गाशा गुंडाळून गेला असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरच्या साक्षांकनावर अर्ज करता येतो.

त्या मुलाने शेवटी विचारले, "बाबांनी काय करायला पाहिजे होतं, काका?" लग्नानंतर दोन कागद पुन्हा भरायला हवे होते, एक फंडाचा आणि एक ग्रॅच्युइटीचा. फंडाचा आता मोबाइलवरून आधारच्या आधारे भरता येतो. ग्रॅच्युइटीचा कंपनीत द्यायचा आणि शिक्का मारलेली प्रत घरी सातबाऱ्याच्या फाइलीत ठेवायची.

तो मुलगा आता स्वतः चाकणला कामाला आहे. गेल्या हंगामात टोळी आली तेव्हा भेटला. म्हणाला, मे महिन्यात लग्न आहे, आणि त्यानंतरच्या पहिल्याच पाळीला दोन्ही कागद भरणार आहे.