बॅकलॉगचा क्रम: मॉस्कोला एक प्रश्न विचारा, राइसला दुसरा

गृहनिर्माण सोसायट्यांचा हिशेब सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरची मी प्रॉडक्ट ओनर आहे. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, ताळेबंद अशी सगळी कामं त्यात होतात. आमच्या टीमने बॅकलॉग लावण्यासाठी आधी मॉस्को वापरलं आणि नंतर राइस. दोन्हींनी एकेकदा आम्हाला चुकीच्या कामाकडे नेलं, आणि दोन्ही आम्ही आजही वापरतो. कोणती पद्धत कुठे फसते हे कळायला आम्हाला बराच काळ लागला, तो तुमचा वाचावा म्हणून हे लिहिते आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून ढोबळ केलेले आहेत.

मॉस्को ही पद्धत डाय क्लेग यांनी 1994 मध्ये मांडली आणि पुढे डीएसडीएम या कार्यपद्धतीने ती उचलली. प्रत्येक कामाला चारपैकी एक शिक्का मिळतो: मस्ट, शुड, कुड किंवा वोन्ट. आमची रिलीज 31 मार्चच्या आत जायची होती, कारण आर्थिक वर्ष संपलं की सोसायट्यांचे खजिनदार ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रकाच्या मागे लागतात. तीन महिन्यांत सुट्ट्या आणि सपोर्टचं काम वजा जाता टीमकडे 12 मनुष्यमहिने होते. बॅकलॉगमधल्या 40 कामांपैकी 29 कामांवर मस्टचा शिक्का पडला आणि त्यांचाच अंदाज 17 मनुष्यमहिन्यांचा निघाला. म्हणजे शिक्के मारून झाले, पण ठरलं काहीच नाही.

असं होण्यामागे एक साधं कारण आहे. विक्री, सपोर्ट आणि डेव्हलपर तिघेही जाणतात की मस्टच्या बाहेर गेलेलं काम बहुधा होत नाही. त्यामुळे प्रत्येकजण आपलं काम मस्टमध्ये बसवतो, आणि ‘महत्त्वाचं आहे’ एवढं म्हणणं त्याला पुरेसं होतं. यावर डीएसडीएमने एक कसोटी दिली आहे: हे काम झालं नाही तर काय होईल? ‘मग रिलीजला अर्थच नाही’ असं उत्तर आलं तरच ते मस्ट. गैरसोयीचा का होईना, हाताने करायचा काही मार्ग असेल, तर ते शुड किंवा कुड.

ही कसोटी आम्ही एकेका कामाला लावली. ताळेबंद नसेल तर ऑडिटरला काय देणार? आणि हिशेब तयार नसेल तर 30 सप्टेंबरच्या आत घ्यायच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे काय ठेवणार? ते मस्ट राहिलं. मागच्या वर्षाच्या शिलका नव्या वर्षात आपोआप ओढल्या जाणं हेही मस्ट, कारण त्याशिवाय एप्रिलचं पहिलंच बिल चुकतं. पावती आपोआप व्हॉट्सअ‍ॅपवर जाणं मात्र शुडमध्ये उतरलं, कारण खजिनदार पीडीएफ स्वतः पाठवू शकतो. आय आणि जे रजिस्टरची नवी छपाई कुडमध्ये गेली, कारण जुनी छपाई कुरूप असली तरी बरोबर होती.

दुसरा लगाम कामांच्या संख्येला घालायचा नसतो, तो मेहनतीला घालायचा असतो. डीएसडीएमचा सल्ला आहे की मस्टची मेहनत एकूण मेहनतीच्या 60 टक्क्यांपलीकडे जाऊ नये आणि साधारण 20 टक्के मेहनत कुडसाठी असावी. आमच्या 12 मनुष्यमहिन्यांत मस्टला जेमतेम 7 येत होते. उरलेले 5 वाया जाणार का, असा प्रश्न आमच्याकडेही आला. ते वाया जात नाहीत. अंदाज चुकतात, माणूस आजारी पडतो, बँक तिची फाइल बदलते. तेव्हा आधी कुडवर पाणी सोडता येतं, मग शुडवर, आणि मस्ट तारखेला पोचतं. सगळे 12 मनुष्यमहिने मस्टने भरले असतील, तर पहिला धक्का मस्टलाच बसतो.

वोन्टचा अर्थ ‘या वेळी नाही’ एवढाच आहे, आणि बहुतेक टीम तो रकाना रिकामा ठेवतात. बैठक संपली आणि वोन्टमध्ये एकही काम नसेल, तर त्या बैठकीत निर्णय झालेला नाही असं समजा. आमच्याकडे गेटवरच्या पाहुण्यांची नोंद वोन्टमध्ये गेली. ती यादी विक्रीच्या लोकांच्या हातात लेखी दिली, तेव्हाच त्यांनी ग्राहकांना तिचं वचन देणं थांबवलं.

इतकं करूनही मॉस्कोची एक उणीव राहतेच. शुडमध्ये आठ कामं असतील तर त्यांतलं आधी कोणतं घ्यायचं, हे तो सांगत नाही. त्यासाठी मार्चची रिलीज गेल्यावर आम्ही राइसकडे वळलो.

राइस ही इंटरकॉम या कंपनीत शॉन मॅकब्राइड यांनी तयार केलेली पद्धत. रीच म्हणजे ठरावीक काळात, समजा एका तिमाहीत, काम किती जणांपर्यंत पोचेल. इम्पॅक्ट म्हणजे प्रत्येकावर किती परिणाम होईल. त्याला 3, 2, 1, 0.5 किंवा 0.25 यांपैकी एक आकडा द्यायचा. कॉन्फिडन्स म्हणजे या अंदाजांवर भरवसा किती: 100, 80 किंवा 50 टक्के. या तिघांचा गुणाकार करायचा आणि त्याला एफर्टने, म्हणजे मनुष्यमहिन्यांनी, भागायचं.

तीन कामांची आमची पहिली आकडेमोड अशी होती. सूचनाफलकाचं नवं रूप: रीच 12,000 सभासद, इम्पॅक्ट 0.25, कॉन्फिडन्स 50 टक्के, एफर्ट 1, गुण 1,500. यूपीआयने पैसे भरल्यावर पावती आपोआप बनणं: 9,000 सभासद, 0.5, 80 टक्के, एफर्ट 2, गुण 1,800. बँकेच्या स्टेटमेंटशी जमा रकमांची जुळवणी: 300 खजिनदार, इम्पॅक्ट 3, 80 टक्के, एफर्ट 3, गुण 240. जुळवणी थेट तळाला गेली. त्याच वेळी सपोर्टकडे येणाऱ्या खजिनदारांच्या तक्रारी मात्र सर्वांत जास्त जुळवणीच्याच होत्या, आणि तिच्यापायी सोसायट्या आम्हाला सोडून जात होत्या.

सूत्र बरोबर होतं. गफलत रीचच्या एककात होती. दोन कामांत सभासद मोजले होते आणि तिसऱ्यात खजिनदार. सूचनाफलक पाहणारा सभासद सॉफ्टवेअर निवडत नाही. ते निवडते सोसायटीची समिती, आणि खजिनदार वैतागला तर पूर्ण सोसायटी जाते. म्हणून आम्ही तिन्हींचं रीच सोसायट्यांमध्ये मोजलं आणि बाकीचे आकडे तसेच ठेवले. सूचनाफलक 350 सोसायट्या, गुण सुमारे 44. पावती 350 सोसायट्या, गुण 70. जुळवणी 300 सोसायट्या, गुण 240. तळाची जुळवणी थेट वर आली. राइसचा तक्ता हातात आला की मी आधी रीचचा रकाना पाहते. तिथे एककं मिसळलेली असतील, तर पुढची सगळी गणितं निरर्थक आहेत.

दुसरा कच्चा दुवा इम्पॅक्टचा. 3 आणि 1 यांत तिपटीचा फरक आहे, पण 3 का दिले याचा पुरावा बहुधा बोलणाऱ्याच्या आग्रहात असतो. जुळवणीचा इम्पॅक्ट 3 ऐवजी 1 धरला तर गुण 80 होतात, पावतीच्या 70 च्या अगदी जवळ. पावतीचा कॉन्फिडन्स 80 वरून 100 केला, तर तीच 87.5 वर जाऊन पुढे निघते. म्हणून 80 आणि 70 यांतला फरक हा फरकच नव्हे. आमचा नियम असा: एखादा आकडा एक पायरी खालीवर केल्यावर क्रम बदलत असेल, तर ती दोन कामं बरोबरीची समजायची आणि बोलून ठरवायचं. दशांश चिन्हापुढचा आकडा पाहून ठरवायचं नाही.

एफर्टमधली चूकही महाग पडते. जुळवणीचा 3 मनुष्यमहिन्यांचा अंदाज फक्त कोड लिहिण्याचा होता. प्रत्येक बँकेच्या स्टेटमेंटची मांडणी वेगळी, तारखेची पद्धत वेगळी, व्यवहाराच्या वर्णनात फ्लॅट क्रमांक कधी असतो, कधी नसतो. हे सगळं टेस्टिंगमध्ये उघडं पडलं आणि काम 6 वर गेलं. गुण 240 वरून 120 झाले. तरीही ते पहिलंच राहिलं, पण तो अंतर मोठं असल्याचा लाभ होता. एफर्टमध्ये डिझाइन, कोड, टेस्टिंग आणि जुना डेटा हलवणं, सगळं धरा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: भाजक लहान असला की गुण फुगतात, त्यामुळे राइस सतत छोटी कामं वर आणतो. सलग काही महिने टीम फक्त किरकोळ सुधारणा पाठवत असेल, तर हे त्याचंच लक्षण आहे.

चौथी उणीव राइसच्या रचनेतच आहे: त्याला तारीख दिसत नाही. वर्षअखेरच्या ताळेबंदाला जानेवारी ते मार्च या तिमाहीत राइस लावून पाहा. त्या तिमाहीत तो कोणीच वापरत नाही, म्हणजे रीच शून्य, गुणही शून्य. एप्रिलमध्ये त्याचे गुण अचानक आकाशाला भिडतील, पण तोवर तो बांधायची वेळ गेलेली असेल. शिलका ओढण्याचंही तसंच. ते काम सभासदाला दिसत नाही, म्हणून एकट्याने त्याला गुण मिळत नाहीत, पण ताळेबंद त्यावरच उभा आहे. अशी पायाची कामं वेगळी न मोजता, ज्या कामासाठी ती लागतात त्याच्या एफर्टमध्ये मिळवायची.

यातून आमची आजची रीत ठरली. कायद्याने किंवा तारखेने बांधलेली कामं आधी बाजूला काढायची आणि त्यांना मॉस्को लावायचा: काम झालं नाही तर काय होईल हा प्रश्न, 60 टक्क्यांची मर्यादा आणि भरलेला वोन्ट. उरलेल्या, तारीख नसलेल्या कामांना राइस लावायचा: सर्वांचं एकक एक, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कशावरून घेतला हे एका ओळीत. गुणांचा क्रम मोडून काही पुढे घेतलं, तर त्याचं कारण तिथेच लिहायचं. तिमाही संपली की अंदाजलेलं रीच आणि एफर्ट प्रत्यक्षाशी ताडून पाहायचं. ही शेवटची पायरी गाळली तर पुढच्या वेळीही तेच अंदाज, त्याच चुकांसह येतात.

मॉस्को ‘तारखेपर्यंत काय असलंच पाहिजे’ याचं उत्तर देतो आणि राइस ‘एका मनुष्यमहिन्याच्या मोबदल्यात जास्त काय मिळेल’ याचं. एकाचा प्रश्न दुसऱ्याला विचारू नका. पुढच्या बैठकीला बसण्याआधी तुमच्या यादीतल्या प्रत्येक कामाला विचारा की त्याला तारीख आहे का, आणि मगच कोणता तक्ता उघडायचा ते ठरवा.